स्पीड ब्रेकर आणि रॅम्पवर गाडी कुठे घासेल, हे टेपने आधीच कसे मोजावे

गाडी घेताना माहितीपत्रकातला ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा पाहिला की खालून घासण्याचा प्रश्न मिटला, असा समज नवीन चालकांमध्ये सर्रास आढळतो. प्रत्यक्षात हा आकडा गाडीच्या एकाच भागाबद्दल सांगतो, आणि गाडी तर तीन ठिकाणी घासू शकते: बंपरची खालची कड म्हणजे नाक, पुढच्या आणि मागच्या चाकांमधला तळ म्हणजे पोट, आणि मागच्या चाकामागे लोंबणारा भाग म्हणजे शेपूट. यांपैकी कोणता भाग धोक्यात आहे हे समोरच्या अडथळ्याच्या आकारावर ठरते. रॅम्पच्या पायथ्याशी नाक किंवा शेपूट टेकते, रॅम्पच्या माथ्यावर पोट टेकते, आणि बहुतेक स्पीड ब्रेकरवरही पोटच टेकते. म्हणून अप्रोच अँगल, म्हणजे पुढच्या टायरच्या टेकण्याच्या जागेपासून बंपरच्या खालच्या कडेपर्यंतच्या रेषेचा जमिनीशी होणारा कोन, रॅम्पसाठी महत्त्वाचा आहे. स्पीड ब्रेकरचा माथा बंपरच्या कडेपेक्षा खाली असेल, तर त्याचा उतार कितीही उभा असला तरी नाक वरून निघून जाते आणि अप्रोच अँगलचा तिथे संबंधच येत नाही.

पुढील कृतीसाठी एक मोजपट्टी, साधारण एक मीटर लांबीची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी, गवंडी वापरतात तशी पाणसळ आणि मूठभर शाडूची माती एवढेच साहित्य पुरते.

गाडी मोजणे

गाडी सपाट फरशीवर उभी करावी, चारही टायरमध्ये नेहमीचा दाब आहे याची खात्री करावी, आणि शक्य असल्यास नेहमी जेवढी माणसे बसतात तेवढी आत बसवावीत. या शेवटच्या गोष्टीचा कंटाळा करू नये, कारण रिकाम्या आणि भरलेल्या गाडीच्या उंचीत सहज ३ ते ४ सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि हाच फरक बहुतेक वेळा घासणे व न घासणे यांमधला असतो. माहितीपत्रकातला आकडा रिकाम्या गाडीचा आहे की भरलेल्या, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. अनेकदा तो रिकाम्या गाडीचा असतो. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर मागचा भाग कायमचाच दबलेला राहतो, म्हणून अशा गाडीची शेपटाकडची उंची वेगळी मोजावी.

पहिले माप पोटाचे. गुडघ्यावर बसून बाजूने पाहिले की दोन चाकांमध्ये सर्वांत खाली काय आहे ते दिसते: बहुधा सायलेन्सरची नळी, तिचा क्लॅम्प किंवा इंजिनखालचे प्लॅस्टिकचे कव्हर. त्या भागापासून जमिनीपर्यंतची उंची घ्यावी, आणि तो भाग दोन्ही चाकांच्या मधोमध आहे की एखाद्या चाकाजवळ आहे हेही लिहून ठेवावे. चाकाजवळचा भाग चाकाबरोबर वर उचलला जातो, त्यामुळे तो तितका धोक्यात नसतो. मधला भाग मात्र कुणाच्याच आधाराने उचलला जात नाही. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीची पेटी जवळजवळ संपूर्ण तळभर पसरलेली असल्याने ठीक मध्यावरचेच माप घ्यावे.

दुसरे माप व्हीलबेसचे, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर. हे माहितीपत्रकात बिनचूक मिळते.

तिसरे माप नाकाचे, आणि ते दोन भागांत घ्यायचे. बंपरच्या सर्वांत खालच्या कडेची जमिनीपासूनची उंची मोजावी. मग त्याच कडेपासून पुढचे टायर जमिनीला टेकते त्या जागेपर्यंतचे आडवे अंतर मोजावे. उंचीला अंतराने भागले की नाकाचा चढ मिळतो. १९ सेंटिमीटर उंची आणि ७० सेंटिमीटर अंतर असेल तर हे गुणोत्तर ०.२७ येते, म्हणजे साधारण १५ अंशांचा अप्रोच अँगल. कारखान्यात हा कोन टायरच्या गोलाईला स्पर्श करणाऱ्या रेषेने मोजतात, त्यामुळे त्यांचा आकडा आपल्यापेक्षा एखाद्या अंशाने जास्त भरतो. आपली पद्धत किंचित कडक आहे आणि या कामात तेच बरे. शेपटासाठी मागच्या बंपरची उंची आणि मागच्या टायरपासूनचे अंतर अशाच रीतीने घ्यावे.

महिंद्रा थारसारख्या गाडीच्या बाबतीत कंपनी हे कोन स्वतःच जाहीर करते: अप्रोच ४१.८ अंश, माथ्यावरचा कोन २७ अंश आणि मागचा ३६.८ अंश, ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर. हॅचबॅक आणि सेडानच्या माहितीपत्रकांत हे कोन सहसा छापलेले नसतात, म्हणूनच मोजपट्टीची गरज पडते.

रॅम्प मोजणे

पट्टीचे एक टोक रॅम्पच्या पृष्ठभागावर टेकवावे आणि पाणसळीचा बुडबुडा मध्यावर येईपर्यंत दुसरे टोक उताराच्या बाजूला अधांतरी धरावे. मग त्या अधांतरी टोकापासून रॅम्पपर्यंत खाली किती सेंटिमीटर अंतर आहे ते मोजावे. एक मीटर पट्टीखाली १७ सेंटिमीटर भरले तर चढ साधारण ६ ला १ आहे, म्हणजे ६ मीटर पुढे जाताना १ मीटर वर; गणितात तो १/६ धरायचा. २५ भरले तर ४ ला १. एकाच जागी मोजून थांबू नये. सोसायट्यांचे रॅम्प बहुतेक वेळा मध्यभागी सुसह्य आणि पायथ्याशी किंवा माथ्याशी एकदम उभे असतात, कारण उपलब्ध जागा संपत आली की गवंडी उरलेली उंची शेवटच्या हातभर लांबीत उरकून टाकतो. म्हणून पायथ्याचा पहिला मीटर आणि माथ्याचा शेवटचा मीटर स्वतंत्रपणे मोजणे आवश्यक आहे.

पायथ्यासमोर गटार, जाळी किंवा पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेला खोलगट पन्हाळ असेल तर त्याची खोलीही टिपून घ्यावी. चाक त्यात उतरते तेव्हा नाक आणखी खाली जाते, आणि ते चाकाच्याही पुढे असल्यामुळे चाकापेक्षा थोडे जास्तच खाली जाते.

मोजण्याआधी जमिनीवरच्या खुणा पाहिल्या तर निम्मी माहिती आयती मिळते. रॅम्पच्या पायथ्याशी काँक्रीटवर आडवी पसरलेली काळी किंवा पांढरी खरवड दिसली तर तिथे गाड्यांची नाके टेकतात. माथ्याच्या कडेवर, दोन चाकोऱ्यांच्या बरोबर मध्ये, लांबट आणि खोल ओरखडे असतील तर तिथे पोटे घासतात. हे ओरखडे धातूचे चकचकीत असतील तर सायलेन्सर टेकतो आहे; काळपट असतील तर बहुधा प्लॅस्टिकचे कव्हर.

दोन साधी गणिते

पायथ्यासाठी: नाकाचे टायरपासूनचे अंतर गुणिले रॅम्पचा चढ. येणारी संख्या म्हणजे नाकाला किमान किती उंची हवी ते.

माथ्यासाठी: व्हीलबेस गुणिले रॅम्पचा चढ, भागिले ४. येणारी संख्या म्हणजे माथ्याची धार गाडीच्या पोटाखालची किती जागा खाऊन टाकते ते. हे सूत्र पुढची चाके वरच्या सपाट जागेवर आणि मागची चाके रॅम्पवर, धारेपासून सारख्याच अंतरावर असतानाचे आहे, आणि पोटाच्या दृष्टीने तोच सर्वांत वाईट क्षण असतो.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. पुण्यातल्या एखाद्या जुन्या सोसायटीत रस्त्यावरून स्टिल्ट पार्किंगमध्ये चढणारा ६ ला १ चढाचा रॅम्प आहे, त्याच्या पायथ्याशी ४ सेंटिमीटर खोल पन्हाळ आहे, आणि तिथे राहणाऱ्या कुटुंबाला २६०० मिलिमीटर व्हीलबेसची व १६५ मिलिमीटर क्लिअरन्सची सेडान घ्यायची आहे. होंडा सिटीचे हे दोन्ही आकडे असेच आहेत. चार माणसे आणि थोडे सामान घेतल्यावर पोटाची उंची १३५ मिलिमीटरवर येते असे धरू.

माथ्यावर २६०० ला ६ ने आणि मग ४ ने भागले की सुमारे १०८ मिलिमीटर येतात. १३५ मधून १०८ गेले, उरले २७. गाडी जाईल, पण सावकाश. वेगात माथा गाठून स्प्रिंग दबली तर एवढी जागा पुरणार नाही. तोच रॅम्प ४ ला १ चढाचा असता तर माथ्याने १६० मिलिमीटरहून जास्त जागा खाल्ली असती आणि रिकामी गाडीसुद्धा जेमतेम सुटली असती, भरलेली तर टेकलीच असती.

आता पायथा. नाकाचे अंतर ७०० मिलिमीटर धरले तर ६ ला १ चढासाठी ११७ मिलिमीटर उंची लागते. नाकाची रिकामी उंची १९०, भरल्यावर १७५. म्हणजे ५८ मिलिमीटर शिल्लक, भरपूर वाटावी इतकी. केवळ कोनांची तुलना करणारा माणूस इथेच थांबतो, कारण रॅम्प साडेनऊ अंशांचा आणि गाडीचा अप्रोच अँगल १५ अंशांचा. परंतु ४ सेंटिमीटरच्या पन्हाळात चाक उतरले की नाक साधारण ५ सेंटिमीटर खाली जाते आणि शिल्लक ७-८ मिलिमीटरवर येते. त्याच क्षणी समोरून कुणी आले म्हणून ब्रेक दाबला, तर पुढची स्प्रिंग दबून नाक काँक्रीटला टेकणारच. या रॅम्पवर खरा दोषी चढ नसून पन्हाळ आहे, आणि हे मापे घेतल्याशिवाय कळत नाही.

याच रॅम्पवर मारुती स्विफ्ट घेतली तर क्लिअरन्स १६३ मिलिमीटर, म्हणजे सेडानपेक्षा २ मिलिमीटर कमीच. पण व्हीलबेस २४५० असल्याने माथा १०८ ऐवजी १०२ मिलिमीटरच खातो, आणि पोटाखाली उलट थोडी जास्त जागा उरते. लांब गाडीला जास्त क्लिअरन्स लागतो तो यामुळेच. नुसते क्लिअरन्सचे आकडे शेजारी ठेवून दोन गाड्यांची तुलना करणे म्हणूनच फसवे ठरते.

गणिताचा पडताळा घ्यायचा असेल तर शाडूच्या मातीचे साधारण ६ सेंटिमीटर उंचीचे तीन-चार मऊ सुळके माथ्याच्या धारेवर, दोन चाकोऱ्यांच्या मधल्या पट्ट्यात ओळीने उभे करावेत आणि भरलेली गाडी त्यांवरून अतिशय हळू न्यावी. दबलेल्या सुळक्याची उरलेली उंची म्हणजे तिथे प्रत्यक्ष राहिलेली जागा. ज्या सुळक्यावर जास्त दाब पडला असेल त्याच्या रेषेत गाडीखाली पाहिले की सर्वांत खालचा भाग नेमका कोणता तेही सापडते. नवीन गाडी घेण्यापूर्वीची चाचणी फेरी आपल्याच रॅम्पवर, घरच्या सर्वांना बसवून घ्यावी. विक्रेता सहसा नाही म्हणत नाही.

स्पीड ब्रेकरचे गणित वेगळे

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या आयआरसी ९९ या मार्गदर्शक सूचनांत सर्वसाधारण वाहतुकीसाठी सुचवलेला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा आहे. तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता यावा अशी कल्पना आहे. हा गतिरोधक गाडीच्या व्हीलबेसपेक्षा रुंद असल्याने गाडी त्याच्या मध्यावर असताना चारही चाके त्याच्याच अंगावर असतात. २६०० मिलिमीटर व्हीलबेसच्या गाडीखालची जागा तो फक्त ५० मिलिमीटरने कमी करतो. याचा अर्थ, नियमाप्रमाणे बांधलेल्या १० सेंटिमीटरच्या गतिरोधकावर आपली भरलेली सेडान ८ सेंटिमीटर राखून जाते.

गल्लीत, शाळेसमोर, मंदिरासमोर रहिवाशांनी स्वखर्चाने टाकलेला ब्रेकर मात्र बहुधा हात-दीड हात रुंद आणि १२ ते १५ सेंटिमीटर उंच असतो. तो दोन चाकांच्या मध्ये पूर्ण मावतो, चारही चाके खालच्या रस्त्यावर येतात, आणि त्याची सगळी उंची पोटाखालच्या जागेतून वजा होते. १३५ मिलिमीटरच्या भरलेल्या सेडानखाली १२ सेंटिमीटरच्या ब्रेकरवर दीड सेंटिमीटर उरतो. १५ सेंटिमीटरच्या ब्रेकरवर ती टेकतेच, चालक कितीही कुशल असो. म्हणून ब्रेकर मोजताना उंचीइतकीच रुंदीही मोजावी, किंबहुना आधी रुंदीच पाहावी.

उंची मोजण्यासाठी पट्टी माथ्यावर आडवी ठेवून पाणसळीने समतल करावी आणि दोन्ही बाजूंना खाली मोजावे. हे माप चाकोरीच्या रेषेत घ्यावे. बसगाड्या ब्रेकरपाशी ब्रेक लावतात, त्यामुळे तिथले डांबर दबून पायथ्याशी उथळ खड्डा पडतो. कडेला १२ सेंटिमीटर भरणारा ब्रेकर चाकोरीतून १५ भरू शकतो, आणि आपल्या गाडीला तो १५ चाच असतो.

ओलांडताना

ब्रेक लावायचा तो आधी, आणि पुढचे चाक चढायला लागण्यापूर्वी सोडून द्यायचा. ब्रेक दाबलेला असताना नाक खाली झुकलेले असते, आणि नेमक्या त्याच अवस्थेत बरेच जण ब्रेकरवर चढतात. बेसमेंटमध्ये उतरतानाही पायथ्याचा शेवटचा मीटर ब्रेक हलका करून, पहिल्या गिअरमध्ये इंजिनच्या आधाराने गाठावा.

ब्रेकरवर गाडी तिरकी घालण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रुजली आहे की तिचा उपयोग कुठे होतो आणि कुठे नाही हे सांगणे भाग आहे. रॅम्पवर ती खरोखर उपयोगी आहे: ३० अंश तिरके चढल्यास ४ ला १ चा चढ गाडीच्या दिशेने साधारण ४.६ ला १ इतका सौम्य होतो, आणि एक चाक आधी चढून नाक उचलते. अरुंद ब्रेकरवर पुढच्या चाकाजवळच्या भागालाही थोडा फायदा होतो. पण पोटाचा मध्य ब्रेकरवर येतो त्या क्षणी, ३० अंश तिरकी असलेल्या गाडीचेही एकही चाक ब्रेकरवर नसते, त्यामुळे मधल्या भागाला काडीचाही लाभ होत नाही. शिवाय तिरके वळताना डावीकडून दुचाकी घुसण्याचा धोका असतो तो वेगळाच. पोट टेकणारा ब्रेकर असेल तर मागच्या सीटवरच्या दोघांनी क्षणभर खाली उतरणे, हा ओशाळवाणा पण हमखास चालणारा उपाय आहे.

घासल्यानंतर काय पाहावे

प्लॅस्टिकच्या कव्हरचा आवाज करकरीत आणि कोरडा असतो, धातूचा आवाज जड व दणकेबाज असतो. प्लॅस्टिक घासले असेल तर त्याच्या क्लिपा निघाल्या आहेत का एवढे पाहावे. लोंबते कव्हर पुढच्या ब्रेकरवर अडकून फाटते. सायलेन्सरला मार बसला असेल तर गाडीचा आवाज बदलतो किंवा वेग वाढवताना पत्र्याची थरथर ऐकू येते. दणका इंजिनखाली बसला असेल तर गाडी सपाट जागी दहा-पंधरा मिनिटे उभी करून खाली पुठ्ठा ठेवावा. पुठ्ठ्यावर तेलाचा थेंब पडला तर गाडी चालवत नेऊ नये, टो करून न्यावी. ऑइलचा लाल दिवा लागला तर लगेच इंजिन बंद करावे; तेलाविना दोन-चार मिनिटे चाललेले इंजिन दुरुस्त करण्यापेक्षा ऑइल चेंबर बदलणे फारच स्वस्त पडते. एसी चालू असताना पडणारे स्वच्छ पाणी मात्र निरुपद्रवी असते.

गाडी उंच करावी की रॅम्प सुधारावा

स्प्रिंगच्या वेढ्यांत रबर बसवून किंवा एक माप मोठे टायर घालून क्लिअरन्स वाढवण्याचे सल्ले मिळतात. १८५/६५ आर १५ च्या जागी १८५/७० आर १५ टायर घातला तर उंची वाढते ती जेमतेम ९ मिलिमीटर, आणि स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा साधारण ३ टक्के कमी वेग दाखवू लागतो. रबर बसवल्यावर माणसांनी भरलेली गाडी कमी दबते खरी, पण सस्पेन्शन कडक होते आणि वॉरंटीचा वाद उभा राहू शकतो. माझ्या मते, रोजच्या वापरातला एकच रॅम्प अडचणीचा असेल तर गाडीला हात लावण्यापेक्षा सोसायटीच्या कमिटीकडून रॅम्प दुरुस्त करून घेणे अधिक शहाणपणाचे आहे.

ही दुरुस्ती वाटते तितकी मोठी नसते. माथ्याची धार तोडून तिथे रॅम्पच्या निम्म्या चढाचा एक टप्पा करायचा. ६ ला १ च्या रॅम्पला १२ ला १ चा. एका तीव्र वळणाऐवजी दोन सौम्य वळणे झाल्याने प्रत्येक वळण १०८ ऐवजी ५४ मिलिमीटर जागा खाते. हा टप्पा किमान व्हीलबेसइतका, म्हणजे पावणेतीन मीटरच्या आसपास लांब हवा. हात-दोन हातांचा केला तर दोन्ही वळणे एकाच वेळी गाडीखाली येतात आणि खर्च वाया जातो. पायथ्याच्या पन्हाळावर रस्त्याच्या पातळीत बसणारी मजबूत लोखंडी जाळी टाकली की नाकाचाही प्रश्न सुटतो. काम देताना गवंड्याला «थोडा उतार कमी करा» असे न सांगता, एक मीटर पट्टीखाली साडेआठ सेंटिमीटरच भरले पाहिजेत असे माप द्यावे, आणि काँक्रीट ओले असतानाच पाणसळ लावून पाहावी. महापालिकेने पुढे समोरच्या रस्त्यावर डांबराचा नवा थर टाकला की रस्त्याची पातळी बदलते, जाळी खड्ड्यात जाते आणि तिथे पुन्हा पन्हाळ तयार होतो, म्हणून डांबरीकरणानंतर पायथ्याचे माप नव्याने घ्यावे.